आई कुठे बघतेय? सातवीच्या वर्गात एक जाहिरात, एक बातमीचा फोटो आणि एक चित्र

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या शैक्षणिक वर्षात सातवीच्या एका तुकडीबरोबर चित्रं नीट बघण्याचा, म्हणजे वाचण्याचा, एक उपक्रम केला. सुरू करण्याआधी मराठीत कुणी असं काही केलंय का म्हणून बरंच शोधलं. ‘दृश्य साक्षरता म्हणजे काय’ हे सांगणारे लेख मिळाले, पण सत्तेचाळीस पोरं समोर बसली असताना पस्तीस मिनिटांच्या तासात नेमकं करायचं काय, ते काही मिळालं नाही. म्हणून झालं तसं लिहून ठेवते.

सुरुवात अर्थातच अर्जापासून. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना तोंडी विचारलं. सरांचा पहिला प्रश्न होता, “हे अभ्यासक्रमात कुठं बसतं?” आणि दुसरा, “एलिमेंटरीचं काय?” दोन्ही प्रश्न रास्त होते. चित्रकलेच्या शिक्षकाला जून ते सप्टेंबर दुसरं काही सुचत नाही. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांतच तास संपतात, आणि पालकांना आमच्या विषयातली तेवढी एक शासकीय परीक्षा दिसते. पहिल्या प्रश्नाला उत्तर होतं. कलेच्या विषयात रसग्रहण आहे, आणि सहावी ते आठवीला आकारिक मूल्यमापनात कलेची नोंद करावीच लागते. मी म्हटलं, वेगळा तास मागत नाही, आहे त्याच तासात बसवते, नोंदवहीत रसग्रहण म्हणून लावते. एलिमेंटरी उरकल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करायचं यावर सर राजी झाले.

तरी लेखी अर्ज लागलाच. मी अर्ध्या पानाचा दिला तो कार्यालयातून परत आला, कारण त्यात ‘अपेक्षित खर्च’ आणि ‘मूल्यमापनाची पद्धत’ हे मुद्दे नव्हते. तुम्ही अर्ज करणार असाल तर उद्दिष्ट, तुकडी, कालावधी, साहित्य, खर्च, मूल्यमापन असे मथळे घालूनच द्या. शेवटी ‘या उपक्रमासाठी शाळेवर आर्थिक भार पडणार नाही’ असं लिहिलंत तर सही लवकर होते. खर्च अर्थात आपल्याच खिशातून जातो, पण तो फार नाही. पुढे सांगते.

जुलै ते नोव्हेंबर हा मधला काळ मला चित्रं निवडायला मिळाला, आणि आता वाटतं की सगळं काम त्या निवडीतच होतं. आधी माझ्या डोक्यात होतं की एक चांगली जाहिरात, एक गाजलेला फोटो आणि एक प्रसिद्ध चित्र घ्यायचं. पण विषय वेगवेगळे असले की मुलं विषयावरच बोलत राहतात. गाडीच्या जाहिरातीत गाडी, पुराच्या फोटोत पूर आणि चित्रात राजा. तुलना होतच नाही. म्हणून विषय एकच धरायचा आणि प्रकार बदलायचे असं ठरवलं. विषय घेतला आई आणि मूल. वर्गशिक्षिकेला आधी विचारून घेतलं की वर्गात आई नसलेलं कुणी आहे का. असं मूल असेल तर विषय बदला. ‘शेतात काम करणारी माणसं’ घेऊनही हेच सगळं करता येतं.

चित्र घेतलं राजा रविवर्म्याचं १८९३चं ‘देअर कम्स पापा’. कडेवर मूल घेतलेली एक तरुण आई, पायाशी कुत्रा, आणि आईची नजर चौकटीच्या बाहेर कुठेतरी. ही बाई म्हणजे चित्रकाराची स्वतःची मुलगी महाप्रभा, आणि मूल म्हणजे त्याचा नातू. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्म्याची दहा चित्रं गेली होती, त्यांतलं हे एक. चित्रकार १९०६ साली वारला, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही.

फोटो घेतला डोरोथिया लँगचा, ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगभर गेलेला. १९३६च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तो काढला. थंडीपावसाने पीक गेलं होतं आणि मजूर अडकून पडले होते. लँग तेव्हा अमेरिकेच्या सरकारी खात्यासाठी फोटो काढायची, म्हणून हे फोटो सगळ्यांना मोफत खुले आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या loc.gov या संकेतस्थळावर Migrant Mother असं शोधलं की त्या दिवशी तिने काढलेले आणखी काही फोटोही मिळतात. ते नक्की उतरवून घ्या, खरा उपयोग त्यांचाच आहे. सर्वांत जड फाईल घ्यायची गरज नाही, छपाईला मधली पुरते.

परदेशातला फोटो कशाला, असं एका सहकाऱ्याने विचारलं. कारण साधं होतं. फोटोग्राफरने त्याच वेळी काढलेले बाकीचे फोटो, मूळ ओळ आणि फोटोतल्या बाईचं पुढे काय झालं, हे सगळं ज्याबद्दल उपलब्ध आहे असे बातमीचे फोटो फार नाहीत. आपल्याकडच्या वर्तमानपत्रातल्या फोटोखाली बहुतेक वेळा एक ओळ असते आणि संपलं.

जाहिरात मात्र इथलीच हवी होती. अनेक घरांत आता पेपर येत नाही, त्यामुळे मुलांना ‘घरून आणा’ सांगून उपयोग नव्हता. रद्दीवाल्याकडून रविवारच्या पुरवण्या निवडून पाच किलो घेतल्या. त्याने सव्वाशे रुपये घेतले आणि ‘मॅडम, शेंगदाण्याला का?’ असंही विचारलं. त्या रद्दीत मुलांच्या वाढीसाठी दुधात घालायच्या पावडरीची पानभर जाहिरात मिळाली. आई, मुलगा, दुधाचा ग्लास आणि डबा. वर्गात जाहिरात दाखवायला परवानगी लागते का, असं मला दोघींनी विचारलं. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२व्या कलमात शिकवताना शिक्षकाने केलेल्या वापराला सूट आहे. वर्गात वापरा, छापून विकू नका.

छपाईचा हिशेब असा. मुलांचे सहा गट केले, प्रत्येक गटाला तिन्ही चित्रं ए-थ्री आकारात. अठरा प्रिंट, चाळीस रुपयांप्रमाणे सातशे वीस. लॅमिनेशन तीस रुपयांप्रमाणे पाचशे चाळीस. फोटोची प्रिंट काढताना दुकानदाराला ‘ग्रेस्केल’ सांगा, नाहीतर काळ्या-पांढऱ्या फोटोवर हिरवट छटा येते आणि मुलं त्या हिरव्या रंगावरच बोलत बसतात. जाहिरात आणि फोटोच्या प्रिंटवरचा सगळा मजकूर आधी कापून काढला होता. चित्राचं नावही कुठे लिहिलं नव्हतं. मजकूर नंतर द्यायचा होता.

कुठलं आधी दाखवायचं हा प्रश्न होता. दुसऱ्या तालुक्यात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने जाहिरातीपासून सुरुवात केली होती, कारण जाहिरातीवर मुलं पटकन बोलतात. बोललीही. पण ‘जाहिरात फसवते’ हे एकदा हाती लागल्यावर पुढच्या प्रत्येक चित्राला तिची मुलं तेच म्हणत राहिली. म्हणून मी चित्र आधी, मग फोटो, शेवटी जाहिरात असा क्रम लावला.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिला तास. पद्धत मी शोधलेली नाही. अमेरिकेत फिलिप येनवाईन आणि अ‍ॅबिगेल हाउझन यांनी संग्रहालयांत मुलांबरोबर वापरण्यासाठी तीन प्रश्नांची एक रीत बसवली आहे. चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? शिक्षकाने उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं नाही, मुलाने म्हटलेलं आपल्या शब्दांत परत म्हणायचं आणि त्या जागेवर बोट ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपलं तोंड बंद ठेवणं फार अवघड जातं. बोलण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघायचं असा नियम केला. पहिलं अर्धं मिनिट खुसखुस, मग कंटाळा, आणि मग कुठे डोळे हलायला लागतात. घड्याळ लावा आणि दोन मिनिटं पुरी होऊ द्या.

रविवर्म्याच्या चित्रावर पहिला हात वर आला तो मागच्या बाकावरून. “बाई, ती त्याला चांदोमामा दाखवतीय.” कशावरून? “भरवताना तसंच करत्यात.” दुसरी म्हणाली, कावळा दाखवत असेल, एक घास काऊचा. मग एकाने हरकत घेतली की जेवणाचं ताट कुठाय? हा हरकतीचा क्षण महत्त्वाचा. तोवर मुलं माझ्याशी बोलत होती, तिथून पुढे एकमेकांशी बोलायला लागली. श्रीमंत घर, हे दागिन्यांवरून सगळ्यांनी सांगितलं. दहा-बारा मिनिटांनी मी फळ्यावर चित्राचं नाव लिहिलं आणि अर्थ सांगितला, ‘बघ, बाबा आले’. वर्गात एकदम ‘हां...’ असा आवाज आला. चांदोमामा गेला, कावळा गेला, आणि चित्रात नसलेला माणूस सगळ्यांना दिसायला लागला.

तिथे मी एक माहिती दिली, जी त्या तीन प्रश्नांच्या रीतीत बसत नाही. केरळातल्या या घराण्यात वंश आईकडून चालायचा, मूल आईच्या घरचं मानलं जायचं. मग अशा घरातल्या चित्राचं नाव बापाच्या येण्यावरून का ठेवलं असेल? सातवीला हा प्रश्न जरा जड गेला हे खरं. पण एक मुलगी म्हणाली, “साहेब लोकांना दाखवायचं होतं ना, म्हणून तसं काढलं असेल.” चित्र शिकागोला गेलं होतं हे मी तोवर सांगितलेलं नव्हतं. तिने इंग्रजी नावावरून ताडलं. इतिहासकार या चित्राबद्दल बदलत्या कुटुंबाच्या अंगाने बरंच बोलतात. माझ्या वर्गाला एवढं पुरलं.

दुसऱ्या आठवड्यात फोटो. इथे एक सांगायला हवं. आमच्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि कारखान्याच्या तळावर राहणारी काही मुलं हंगामापुरती आमच्या शाळेत बसतात. अशी एक मुलगी या वर्गात होती. फोटो दाखवण्याआधी मी तिच्याशी वेगळं बोलले, असा असा फोटो आहे, चालेल ना. ती म्हणाली, “दाखवा की.”

फोटोत आई मधोमध आहे. दोन मुलं तिच्या खांद्यांना टेकून पाठमोरी, मांडीवर गुंडाळलेलं तान्हं. आईचा हात गालाशी आणि नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. “काय चाललंय?” वर उत्तरं आली ती सगळी दुःखाची. घरात कुणीतरी वारलंय, पूर आलाय, नवरा दारुडा आहे. ‘कशावरून?’ विचारलं की कपाळावरच्या आठ्या, फाटकी बाही, मुलांची तोंडं लपलेली. त्या पोरीने मात्र वेगळं सांगितलं. “ती रडत नाही बाई. ती हिशोब करतीय.”

मग मी मूळ ओळ फळ्यावर मराठीत लिहिली. कॅलिफोर्नियातले निराधार वाटाणा तोडणी मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस. आधी बत्तीसवर गलका झाला, कुणाचाच विश्वास बसेना. मग एकाने बोटं मोजली. “बाई, सात म्हणताय, इथं तीनच हायत.” मी याचीच वाट बघत होते. तेव्हा त्याच दिवशीचे बाकीचे फोटो काढले. लांबून घेतलेल्या फोटोत तंबू दिसतो, सामान दिसतं, थोरली मुलगी दिसते. पुढच्या फोटोंत लँग जवळ जवळ येत जाते आणि एकेक गोष्ट चौकटीबाहेर पडते. शेवटच्यात उरते आई, दोन पाठमोरी मुलं आणि तान्हं.

या तासासाठी जुन्या लग्नपत्रिकांचे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे दोन-दोन पुठ्ठे कापून ठेवले होते. दोन एल समोरासमोर धरले की चौकट होते, सरकवली की लहान-मोठी होते. प्रत्येक गटाला लांबचा फोटो दिला आणि सांगितलं, यातून दोन बातम्या काढा. एका गटाने फक्त आई आणि तान्हं धरलं आणि खाली लिहिलं ‘उपाशी’. त्याच गटाने थोरल्या मुलीसकट सगळा तंबू धरून लिहिलं ‘मुक्काम’. फोटो तोच होता. उपक्रमात आणखी काही जमलं नाही तरी हे पुठ्ठे कराच; खर्च शून्य आणि अर्ध्या तासात जे घडतं ते मला फळ्यावर समजावून सांगता आलं नसतं.

या फोटोच्या दोन आवृत्त्या मिळतात. जुन्या आवृत्तीत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसतो. पुढे लँगने तो निगेटिव्हवरून पुसून घेतला. मी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या आणि ‘फरक शोधा’ म्हटलं. अंगठा सापडला, आणि इथेच गाडी घसरली. “म्हणजे एडिट केलाय!” “मग सगळाच सेट केलेला असणार.” “बाई, मोबाईलवर पण सगळं खोटंच असतं.” वर्ग खुशीत आला होता. मुलं हुशार झाली असं वाटून आपल्यालाही बरं वाटतं, पण ही खुशी फसवी आहे. ओळखायची खूण सांगते. ‘कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर येणं थांबतं. ‘खोटं आहे’ म्हणायला चित्राकडे बघावंच लागत नाही. माझ्या वर्गात त्या पाच मिनिटांत एकानेही प्रिंटकडे बोट केलं नाही.

मी तिथेच थांबवलं आणि फळ्यावर दोन रकाने केले. ‘फोटोत बदललेलं’ आणि ‘न बदललेलं’. पहिल्यात अंगठा आला. दुसऱ्यात काय काय येतं ते आता प्रिंट बघून सांगा. बाई होती का? मुलं होती का? तंबू होता का? मग मी बाकीची हकीकत सांगितली. मार्च १९३६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात हे फोटो छापून आल्यावर सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड, म्हणजे सुमारे नऊ हजार किलो अन्न पाठवलं. पण ते पोचलं तोवर हे कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेलं होतं. बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. फोटो काढताना तिचं नाव विचारलेलं नव्हतं, ते जगाला कळलं १९७८ साली. या फोटोतून तिला कधी पैसा मिळाला नाही, आणि आपला फोटो असा जगभर फिरतोय याची तिला खंत होती. लँगने नंतर लिहिलं होतं की या लोकांनी गाडीचे टायर विकून अन्न घेतलं. घरच्यांनी ते नाकारलं. म्हणजे अंगठ्यापेक्षा मोठी गडबड फोटोसोबतच्या शब्दांत असू शकते, आणि तरीही भूक खरी होती. हे सगळं एकाच वेळी धरून ठेवायला मुलांना वेळ लागला. पुढचा आख्खा तास त्यातच गेला. मला तो वाया गेला असं वाटत नाही.

टोळीतली ती मुलगी तास संपताना म्हणाली, “आमच्या खोपीवर पण येत्यात फोटो काढायला. नाव कोण इचारत नाय.” मग मीच तिला विचारलं, काढणाऱ्याला काय सांगावंसं वाटतं? “फोटो आम्हाला पण द्या म्हणावं.”

तिसरा टप्पा जाहिरातीचा, डिसेंबरच्या मध्यावर. तोवर दोन मिनिटं बघायची सवय लागली होती. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून भिंगं आणली. तिथे सही करून न्यावी लागतात, आदल्या दिवशी सांगून ठेवा. मुलांनी जे टिपलं त्यातलं काही मला स्वतःला दिसलं नव्हतं. मुलाने डबा धरलाय पण नावाच्या एकाही अक्षरावर बोट आलेलं नाही. स्वयंपाकघर आहे पण ओट्यावर एकही भांडं खरकटं नाही. आईच्या मागे खिडकी आहे, तरी तिच्या तोंडावर उजेड समोरून पडलाय. “आणि बाई, दूध प्यायलाय पण ग्लास भरलेलाच आहे.” मिशी ओठांवर, दूध ग्लासात काठोकाठ. यावर पाच मिनिटं हसणं झालं.

नंतर प्रत्येक गटाला ट्रेसिंग पेपर दिला. तिन्ही चित्रांवर तो ठेवायचा आणि ज्याचे डोळे दिसतात त्याच्या डोळ्यांपासून लाल पेन्सिलने नजरेची रेघ ओढायची, जाईल तिथपर्यंत. मला या सगळ्या उपक्रमात सर्वांत जास्त देऊन गेलेला तास हाच. रविवर्म्याच्या चित्रात आईची रेघ चौकट ओलांडून बाहेर जाते, जिथे बाबा आहेत. लँगच्या फोटोत आईची एकच रेघ बाहेर जाते, कुठे ते कुणालाच माहीत नाही. पाठमोऱ्या मुलांच्या रेघाच नाहीत. जाहिरातीत आई मुलाकडे बघते, मुलगा सरळ आपल्याकडे बघतो, आणि दोघांच्या मधे डबा. ट्रेसिंग पेपर उचलून नुसत्या रेघा फळ्याला चिकटवल्या तर लांबूनही कळत होतं कुठला कागद जाहिरातीचा. एका मुलाने विचारलं, “बाई, तो माझ्याकडं का बघतोय?” वर्गातूनच उत्तर आलं, “तू आईकडं हट्ट करावास म्हणून.”

येनवाईन-हाउझन यांची रीत मला इथे अपुरी वाटली. चित्रासाठी ते तीन प्रश्न पुरतात, फार तर नाव आणि थोडी पार्श्वभूमी लागते. फोटोला ‘चौकटीबाहेर काय राहिलं, आणि ओळ कुणी लिहिली’ हे विचारावंच लागतं. जाहिरातीला ‘पैसे कुणी दिले, आणि बघून झाल्यावर मी काय करावं असं यांना वाटतं’ हे. नुसतं बघून ही उत्तरं मिळत नाहीत, माहिती आणावी लागते. कापून ठेवलेला मजकूर मी तेव्हा परत दिला. जाहिरातीच्या तळाशी, भिंगाखेरीज न दिसणाऱ्या अक्षरांत, चित्रण काल्पनिक असल्याची आणि संतुलित आहारासोबतच घ्यावं अशी ओळ होती. मुलांनी पट्टी लावून मोजलं; मोठं घोषवाक्य त्या ओळीपेक्षा तीसपट उंच होतं. खोटा दावा दिसला तर तक्रार कुठे करायची, हेही त्यांनी विचारलं. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय ही संस्था आणि ग्राहकांसाठीचा १९१५ हा क्रमांक फळ्यावर लिहून दिला. एकाने तो क्रमांक सुट्टीतच फिरवून पाहिला. बाकीच्यांना तसं करू नका म्हणून आधीच सांगा.

शेवटचा खेळ ओळींच्या अदलाबदलीचा. जाहिरातीचं ‘आईचा विश्वास’ धाटणीचं घोषवाक्य लँगच्या फोटोखाली ठेवलं. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. फोटोची ओळ रविवर्म्याच्या चित्राखाली ठेवली, तर मुलांना त्या आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली, जी महिनाभर कुणालाच दिसली नव्हती. ‘बघ, बाबा आले’ जाहिरातीखाली ठेवलं. “मग बाबा डबा घेऊन आले असतील,” असं एक जण म्हणाला.

याच तासाला एका पोरीने भिंग तिन्ही प्रिंटवर फिरवलं आणि म्हणाली, “बाई, सगळ्यांवर सारखेच ठिपके आहेत.” तिचं म्हणणं बरोबर होतं. तैलरंग, फोटोचा कागद आणि वर्तमानपत्र, तिन्ही माझ्या अठरा प्रिंटमध्ये एकाच यंत्राचे ठिपके झाले होते. आकारही तिन्हींचा एकच. मूळ चित्र बघितल्याशिवाय हे सुटणार नव्हतं, म्हणून औंधला जायचं ठरलं.

औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभं केलं, आणि तिथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. आमच्या चित्रातली आई तिथे नाही, हे मुलांना आधीच सांगितलं. सहलीची परवानगी मिळायला उपक्रमापेक्षा जास्त वेळ लागला. शाळा समितीचा ठराव, पालकांची हमीपत्रं, शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे प्रस्ताव, मुलांची यादी, सोबतच्या शिक्षिकांची नावं, प्रथमोपचार पेटी असल्याचं लेखी. शालेय सहलीला एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते, त्यासाठी आगाराला शाळेचं पत्र लागतं. ते परवानगी हातात आल्यावरच द्या, तारीख बदलली की सगळं पुन्हा करावं लागतं. जाण-येण, प्रवेश आणि दुपारचा वडापाव धरून दर मुलामागे एकशे ऐंशी रुपये आले. चार मुलांचे आम्ही शिक्षकांनी मिळून भरले. जानेवारीच्या शेवटी गेलो. जाण्याआधी फोन करून सुट्टीचा दिवस आणि आत फोटो काढू देतात का, ते विचारून घ्या.

मी प्रत्येकाला एकच काम दिलं होतं: एका चित्रासमोर उभं राहून तीन पावलं मागे, मग परत तीन पावलं पुढे, आणि जवळून काय दिसेनासं झालं ते लिहायचं. “लांबून जर होती, जवळून नुसता पिवळा रंग,” हे एका वहीत आहे. “चकाकतंय म्हणून वाकून बघावं लागलं,” हे दुसऱ्या. तिथे हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे, साताऱ्यातल्या डोंगरावर ते बघून मला दरवेळी नवल वाटतं. मुलांनी आधी त्याला फेरी मारली. मग प्रश्न आला, “बाई, हिच्या नजरेची रेघ कशी ओढायची?” दोन गट त्यावर भांडले. एकाचं म्हणणं, डोळे नीट कोरलेले नाहीत तर रेघ नाही. दुसऱ्याचं, आपण जिथे उभे राहू तिथून वेगळी येईल. मी निकाल दिला नाही.

मूल्यमापन फेब्रुवारीत केलं. न पाहिलेल्या तीन चित्रांचा संच दिला आणि प्रत्येकाबद्दल दोन विधानं लिहायला सांगितली, विधानापुढे ‘कशावरून’ सक्तीचं. श्रेणी विधानाला दिली नाही, ‘कशावरून’ला दिली. विधान कितीही चटकदार असो, पुरावा चित्राबाहेरचा असेल तर श्रेणी खाली. साधारण तिसरा हिस्सा मुलांनी अजूनही ‘कशावरून’च्या जागी ‘मला वाटतं’ लिहिलं होतं. बातमीच्या फोटोला नुसतं ‘खोटा असेल’ लिहिणारे सहा-सात निघाले. त्यांच्याबरोबर ते दोन रकाने पुन्हा केले. टोळीतली मुलगी मार्चमध्ये गावी गेली, तिचा कागद मात्र आधीच झाला होता आणि श्रेणी तिच्या शाळेला कळवली.

यंदा शेतातल्या माणसांचा संच करतेय. चित्र मिळालं, फ्रेंच चित्रकार मिले याचं १८५७चं ‘द ग्लीनर्स’, कापणीनंतर शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायका. ट्रॅक्टरची जाहिरात रद्दीत हवी तेवढी आहे. अडलंय ते फोटोवर. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या सोललेल्या तळपायांचे फोटो सगळीकडे छापून आले होते, तोच घ्यायचा आहे. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे फोटो मिळाल्याशिवाय पुठ्ठ्यांचा तास होणार नाही, म्हणून एका वृत्तछायाचित्रकाराला पत्र पाठवलंय. त्याने होकार दिलाय, फाईल अजून यायच्या आहेत.